शाळेभोवतीचा कानोसा

बोईसर-तारापूर पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला आवाजाचे काही वाटेनासे होते. तीन पाळ्यांत चालणारे कारखाने, रात्रंदिवस धावणारे टँकर, मेलगाड्या, मालगाड्या आणि २०१३ पासून डहाणूपर्यंत येऊ लागलेली लोकल, या सगळ्यांच्या मधोमध आमची मुले वाढतात आणि शिकतात. त्यांना नक्की काय ऐकू येते आणि काय ऐकू येत नाही, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

मी पालघरला कारकुनी करतो आणि रविवारी आमच्या वस्तीतल्या मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. चौथी ते सातवीची वीस-बावीस मुले येतात. गेल्या वर्षी आम्ही दोन-तीन महिने एकच उद्योग केला. आधी डोळे बांधून ऐकण्याचे खेळ आणि मग गावच्या शाळेभोवती न बोलता फिरून प्रत्येक आवाजाचा नकाशा. कॅनडातले संगीतकार आर. मरे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत असे ऐकत चालणे विद्यार्थ्यांकडून करून घेतले होते. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. लागतो तो स्वच्छ रुमाल, खडू, कागद आणि थोडा धीर.

आंधळी कोशिंबीर आपण सारेच खेळलो आहोत. हा खेळ तिचाच भाऊ, फक्त यात पळायचे नाही. मैदानात खडूने मोठे वर्तुळ काढून आठ दिशांना खुणा केल्या. मधे एक मूल बसले. पट्टी बांधताना दोन गोष्टी पाळल्या. प्रत्येकाने आपापला रुमाल आणायचा, कारण डोळे आले असतील तर एका रुमालाने सगळ्यांचे येतात. दुसरी म्हणजे पट्टी कानाच्या वरून न्यायची. पहिल्या दिवशी निम्म्या मुलांच्या पट्ट्या कानावरच बसल्या होत्या आणि त्यांचे उत्तर चुकत होते ते त्यामुळे. ज्याला अंधाराची भीती वाटते त्याने नुसते डोळे मिटले तरी चालते.

वर्तुळावर उभ्या असलेल्यांपैकी एकाने दोन दगड एकदाच आपटायचे. मधल्याने हात लांब करून दिशा दाखवायची आणि हात तसाच ठेवून पट्टी काढायची. डाव्या-उजव्या बाजूचा आवाज जवळजवळ सगळ्यांनी बरोबर सांगितला. पण नेमका समोरचा आवाज मागून आला, मागचा समोरून आला, असे अनेकांचे झाले. मुले हसू लागली, तेव्हा त्यांना कारण सांगितले. आपल्या दोन कानांत जेमतेम वीतभर अंतर आहे. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो आणि डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने पोहोचतो. शिवाय मधे डोके आल्यामुळे तिकडे तो थोडा मंद होतो. एवढ्या फरकावर मेंदू दिशा ओळखतो. समोरचा आणि मागचा आवाज मात्र दोन्ही कानांना एकाच वेळी, सारखाच पोहोचतो. मग मान जराशी वळवू दिली आणि दगड तीनदा वाजवले, तेव्हा बहुतेकांचे उत्तर जुळले. 

पुढच्या रविवारी सगळ्यांनी एक कान बोटाने बंद करून तोच खेळ खेळला. आता सगळा आवाज उघड्या कानाच्या बाजूनेच येतो असे वाटते. हे मुलांना माहीत झाले, म्हणूनच पुढची गोष्ट आमच्या लक्षात आली. पाचवीतली एक मुलगी दोन्ही कान उघडे असतानाही दर वेळी उजवीकडेच हात करत होती. एकदा चुकले तर समजू शकतो. आम्ही वेगवेगळ्या तीन रविवारी पाहिले, सर्दी नसताना पाहिले. हात उजवीकडेच.

तिची आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, “दादा, ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. शाळेतसुद्धा तीच तक्रार.” विचारल्यावर कळले की दर पावसाळ्यात पोरीचा डावा कान वाहतो आणि घरचे कोमट तेल घालतात. आम्ही तिला सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. पडद्याला भोक होते. डॉक्टरांनी तेल बंद करायला सांगितले, आंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ द्यायचे नाही असे बजावले आणि औषध सुरू केले. शाळेत तिला पहिल्या बाकावर, भिंतीकडे डावा कान आणि गुरुजींकडे उजवा कान येईल असे बसवले. पोरगी बेफिकीर नव्हती, तिला एका बाजूचे पोहोचत नव्हते.

इथे एक स्पष्ट सांगितले पाहिजे. हा खेळ म्हणजे तपासणी नव्हे. दोन्ही कानांनी सारखेच कमी ऐकणारे मूल यात सापडेलच असे नाही. खेळाने फक्त शंका येते, निदान डॉक्टरच करतात. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांत येणारे पथक मुलांचे कानही पाहते. पथक येईल त्या दिवशी मूल घरी राहू देऊ नये.

त्यानंतर मूक फेरी. आदल्या दिवशी मुलांनी शाळा मधे धरून रस्ते, ओढा, गिरणी, विहार, दुकाने असा साधा आराखडा काढला आणि उत्तर दिशा लिहिली. फेरीला नऊ थांबे ठरवले. दहा-दहा मुलांच्या दोन रांगा, दोघांमध्ये चार पावलांचे अंतर, रस्त्याच्या बाजूला मोठी माणसे. चालताना डोळे उघडेच, कारण आमच्या रस्त्यांवर डोळे बांधून चालणे म्हणजे जिवाशी खेळ. बोलायचे नाही, लिहायचे ते फक्त थांब्यावर. पहिल्या फेरीत रबरी चपलांच्या फटफटीने बाकीचे सगळे बुडाले, म्हणून पुढे जमीन बरी तिथे चपला हातात घेतल्या.

प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटे. पहिल्या मिनिटात जवळचे आणि मोठे आवाज लिहून होतात आणि मुलांना वाटते की संपले. खरे ऐकणे दुसऱ्या मिनिटात सुरू होते. म्हणून घड्याळ माझ्या हातात ठेवले आणि वेळेआधी कोणालाही हलू दिले नाही. सतत चालणाऱ्या आवाजाला गोल, एकदाच झालेल्याला फुली, जाणाऱ्या-येणाऱ्याला बाण. मोठेपणा मोजायला एक घरगुती माप वापरले. हातभर अंतरावरच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता आले तर एक रेघ, आवाज चढवावा लागला तर दोन, ओरडावे लागले तर तीन. हातभर अंतरावर आवाज चढवावा लागतो तिथे साधारण ८५ डेसिबलच्या आसपास गोंगाट असतो. मोबाइलवरचे माप फोनागणिक बदलते, तेव्हा ते फक्त एकाच फोनने दोन जागांची तुलना करण्यापुरतेच घ्यावे.

पहिल्या कागदांवर “गाडी”, “मशीन”, “आवाज” एवढेच होते. मी म्हटले, आपल्या भाषेत आवाजाला किती नावे आहेत ती आठवा. मग गिरणीची घरघर आली, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण, पिंपळाची सळसळ, सायकल दुरुस्तीवाल्याची टकटक. एका मुलाने लिहिले की भरलेला ट्रक घरघरतो आणि रिकामा खडखडतो. त्या दिवसापासून ती पोरे पाठमोरी उभी राहून रिकामा ट्रक ओळखू लागली.

एकाच फेरीवर नकाशा करू नये, हेही आम्हाला कळले. सकाळी सातला रेल्वेचा भोंगा शाळेत स्पष्ट ऐकू आला, दुपारी बाराला तोच जवळजवळ नाहीसा झाला. गाड्या तर दोन्ही वेळा जात होत्या. सकाळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज जमिनीकडे वळतो आणि लांबवर पोहोचतो. दुपारी तापलेल्या जमिनीवर तो वर निघून जातो. त्यात समुद्रावरचा वारा सुरू झाला की पश्चिमेचे आवाज जवळ येतात आणि पूर्वेचे मागे हटतात. म्हणून सकाळ, दुपार आणि तीनची पाळी सुटताना असे तीन कागद केले.

सर्वांत महत्त्वाचा आवाज मात्र तीनही कागदांवर नव्हता. चौथ्या फेरीत पाचवीच्या खिडकीबाहेर थांबलो असताना वीज गेली आणि एकदम सगळे मोकळे झाले. बुलबुल ऐकू आला, पलीकडच्या वर्गातले पाढे ऐकू आले. मग कळले की कुंपणापलीकडच्या एका लहान वर्कशॉपचा कॉम्प्रेसर दिवसभर चालू असतो. एकसुरी आवाज कानाला सवयीचा होतो, शिवाय भिंतींवर आपटून तो सगळीकडून आल्यासारखा वाटतो. तो थांबल्याशिवाय सापडत नाही.

गुरुजींनी मग एक साधा प्रयोग केला. कॉम्प्रेसर चालू असताना आणि बंद असताना असे दोनदा शुद्धलेखन घातले, शब्द वेगळे पण तितकेच कठीण. चालू असताना मागच्या बाकांवर “पाठ” चे “पाट” झाले, “खाण” चे “काण” झाले. काना-मात्रा मोठ्याने उमटतात, व्यंजनांचा आवाज बारीक आणि क्षणभराचा असतो. गोंगाटात आधी तेच बुडतात. ज्यांना आपण शुद्धलेखनात कच्चे म्हणतो, त्यांतली काही मुले नुसती मागे बसलेली असतात.

कायद्याचेही पाहिले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे आणि शाळेभोवतीचे १०० मीटर असे क्षेत्र होऊ शकते. पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसे जाहीर केलेले असावे लागते. शाळा आहे म्हणून आपोआप होत नाही. तेव्हा अर्ज ग्रामपंचायतीमार्फत दिला आणि तोवर मुले नकाशा घेऊन वर्कशॉपच्या मालकांकडे गेली. गोल कुठे आहे आणि खिडकी कुठे आहे, हे त्यांनी पाहिले. कॉम्प्रेसर रबरी पट्ट्यांवर घेऊन शेडच्या पलीकडच्या बाजूला नेला गेला. ट्रकांचे काही झाले नाही. त्यांच्यासाठी शाळेने वाचन आणि शुद्धलेखनाचे तास सकाळच्या पहिल्या दोन तासिकांत घेतले, कारण नकाशावर तेव्हाच बाण कमी होते.

एक गोष्ट मुलांनी न विचारता केली. वर्षभरातल्या लाउडस्पीकरांना त्यांनी लाल रंग दिला. गणपती, नवरात्र, लग्ने आणि आपली १४ एप्रिल, सगळ्यांना तोच रंग. समितीच्या बैठकीत नकाशा ठेवल्यावर एक ज्येष्ठ थोडे रागावले. त्यावर सहावीतली मुलगी म्हणाली, “काका, आमची परीक्षा पण एप्रिलमध्येच असते.” यंदा कर्ण्यांची तोंडे शाळेकडून फिरवली आणि परीक्षेच्या आठवड्यात संध्याकाळनंतर ते बंद ठेवले.

नकाशा आता शाळेच्या भिंतीवर आहे. येत्या पावसाळ्यात तो पुन्हा करायचा आहे, कारण पत्र्यावरच्या पावसाचा आवाज त्यात अजून आलेला नाही आणि पाचवीचे छप्पर पत्र्याचे आहे.