नानांची ‘हलकी’ जिलबी

दसऱ्याच्या सकाळी आमच्या पालघर-बोईसरकडे फाफडा-जिलबीसाठी लागणारी रांग तुम्ही पाहिली आहे का? मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत कामाला आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कामावरून सुटल्यावर बोईसर स्टेशनजवळून पाव किलो जिलबी घेतली आणि पालघरच्या घरी आलो. पुडा पाहून वडील, म्हणजे आमचे नाना, खूश! पण नानांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी दिवसाला पंधराशे कॅलरी ठरवून दिल्या आहेत.

“अरे, ही पातळ पिठाची जिलबी. हलकी असते. पाच खाल्ल्या तरी काय होतंय?” नाना म्हणाले.

माझी आठवीतली लेक तक्ता घेऊन आली. त्यात लिहिलं होतं, ‘एक जिलबी, १५० कॅलरी’. पण केवढी जिलबी? ते नव्हतंच! मग मी म्हटलं, आपणच मोजू.

आदल्या रात्री पाव किलो मैदा दह्यात भिजवला आणि सकाळी पाणी घालून धार पडेल इतका सैल केला. पाण्याला कॅलरी नसतात, म्हणून मोजायचा तो कोरडा मैदा. भोक पाडलेल्या कापडातून ५० जिलब्या झाल्या. म्हणजे एकीत ५ ग्रॅम मैदा. मैद्याच्या ग्रॅमला साडेतीन कॅलरी, म्हणजे सुमारे साडेसतरा.

आता तेल. कढईत ६०० ग्रॅम तेल तोलून घेतलं होतं. तळण झाल्यावर, चाळणीखाली निथळलेलं तेल परत ओतून, गार झाल्यावर पुन्हा तोललं. उरलं ५२५. गेलेले ७५ ग्रॅम भागिले ५०, म्हणजे एकीत दीड ग्रॅम. तेलाच्या ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणून साडेतेरा. (पाकावर तेलाचा थोडा तवंग आला होता, म्हणजे हा आकडा किंचित जास्तच धरलाय. असू दे.)

पाकाची गंमत खरी. एक किलो साखरेत अर्धा लिटर पाणी घालून एकतारी पाक केला. साखर काही उडून जात नाही, उडतं ते पाणी. पाक भरला १ किलो ३३० ग्रॅम, म्हणजे त्यात तीन चतुर्थांश साखर. मग दहा कोरड्या जिलब्या तोलल्या. एकेक तोलली असती तर घरच्या काट्यावर ग्रॅमभराची चूक सहज झाली असती, म्हणून दहा एकदम. भरल्या ७० ग्रॅम. गरम असतानाच पाकात सोडल्या, निथळून पुन्हा तोलल्या, तर २१० ग्रॅम! वजन तिप्पट!

लेक म्हणाली, “बाबा, एवढा पाक जातो कुठे?” सांगतो. तळताना पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि जिलबी आतून पोकळ नळी होते. ती पाकात पडून निवू लागली, की आतली उरलेली वाफ आकसते आणि पाक आत ओढला जातो. म्हणूनच गार झालेली जिलबी पाकात टाकली, तर ती कोरडीच राहते.

एका जिलबीत १४ ग्रॅम पाक, त्यात साडेदहा ग्रॅम साखर. ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणजे ४२. एकूण बेरीज ७३. तक्त्यातल्या १५० च्या निम्मी! नानांनी मिशीवर ताव दिला. “बघ, हलकीच आहे!”

पण लेकीने वेगळं घट्ट पीठ करून मोठ्या भोकातून काही जाड जिलब्या पाडल्या होत्या. त्या कोरड्या १६ ग्रॅम होत्या, पाकातून ३६ ग्रॅम झाल्या. वजन दुपटीच्या थोडं वर, तिप्पट नाही. पातळ जिलबीत अर्धं वजन साखरेचं, जाडीत त्याहून कमी! पीठ कमी असलं, तरी पृष्ठभाग जास्त आणि पोकळी जास्त. ‘हलकी’ जिलबी नगाला हलकी, पण तोंडात साखर जास्त घालणारी.

पाच पातळ जिलब्या म्हणजे ५२ ग्रॅम साखर, दहा चमचे. नाना गप्प बसले.

बाजारातली मोजायची असेल, तर तुम्ही एवढंच करा. पाव किलोत किती नग आले ते मोजा. आमच्या हिशेबाने पाव किलोत सुमारे ८७० कॅलरी. बोईसरच्या पुड्यात ११ निघाल्या, म्हणजे एकीत ७९ च्या आसपास. दुकानदाराचं तेल कमी तापलेलं असेल, तर मात्र जिलबी जास्त तेल पिते. अशी जिलबी कुरकुरीत नसते, कागदावर ठेवली तर तेलाचा डाग पसरतो. मग आमचा आकडा कमी पडेल.

नानांनी डॉक्टरांना फोन केला. “एक, आणि ती जेवणानंतर,” ते म्हणाले. नानांनी डब्यातून निवडून सर्वांत जाड जिलबी उचलली.

“नाना, ती पातळपेक्षा जवळजवळ दुप्पट वजनाची आहे!” लेक ओरडली.