ओळखीच्या शब्दांचा धोका

लिंबायत, सुरत



तुझे पत्र पोचले. जुन्या इंग्रजी कवितांतील 'दाऊ', 'व्हेअरफोर', 'हिदर' या शब्दांचे आधुनिक पर्याय समोरासमोर मांडून जसा तक्ता तुम्हांस वर्गात मिळाला, तसाच ज्ञानेश्वरीसाठी करून द्यावा, अशी तुझी मागणी आहे. असा तक्ता करण्यास माझी हरकत नाही. मात्र ज्या शब्दांमुळे वाचक खरोखर फसतो ते शब्द अशा तक्त्यात बहुधा येतच नाहीत, एवढे आधी ध्यानात घे. 'कीर' म्हणजे खरोखर, 'वायां' म्हणजे व्यर्थ, 'पढियंतें' म्हणजे आवडते, हे शब्द अनोळखी दिसतात, म्हणूनच आपण थांबतो, कोश उघडतो आणि निभावून जातो. जे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत, परंतु ज्यांचा अर्थ शके 1212 नंतर सरकला, तेथे कोणी थांबत नाही.

'जरी' आणि 'तरी' ही जोडी घे. आज 'जरी' म्हटले की पुढे विरोध येणार हे आपण गृहीतच धरतो. ज्ञानदेवांच्या भाषेत मात्र 'जरी' म्हणजे पुष्कळदा नुसते 'जर', आणि 'तरी' म्हणजे 'तर'. समज, 'जरी पाऊस पडे तरी शेत पिके' असे एखादे जुन्या वळणाचे वाक्य समोर आले. आजच्या कानाने ते ऐकले, तर पाऊस हे पिकाचे विघ्न ठरते आणि त्या विघ्नावर मात करून शेत पिकते. जुन्या कानाने ऐकले, तर पाऊस पडला तर पीक येईल, एवढाच सरळ अर्थ निघतो. शब्द तेच, परंतु कार्यकारणसंबंध पार उलटा! नववा अध्याय 'तरी' याच शब्दाने उघडतो. तेथे विरोधाचा मागमूसही नाही, मागील बोलणे पुढे चालविणारा तो 'तर' आहे. अर्थात आजच्या अर्थाचा 'तरी'ही ग्रंथात आढळतो, म्हणून कोणताही एक पर्याय डोळे मिटून घालणे धोक्याचे.

'कां' हाही तसाच. प्रश्नार्थक 'का' समजून वाचू लागलास, तर दृष्टांतांच्या मालिकेत तुला जागोजाग नसलेले प्रश्न दिसू लागतील, कारण तेथे 'कां' म्हणजे 'किंवा', आणि 'नातरी'ही त्याच कामास आलेला. इंग्रजीत अगदी असाच घोटाळा 'व्हेअरफोर'चा होतो: शेक्सपिअरची ज्युलिएट सज्जात उभी राहून रोमिओ कुठे आहे हे विचारीत नाही, तू रोमिओच का असावास, हे विचारते, परंतु शब्दात 'व्हेअर' ऐकू येताच वाचक स्थळ शोधू लागतो.

'हिदर'चा प्रकार वेगळा आहे. इंग्रजीने 'इथे' आणि 'इकडे' यांतील जुना भेद टाकून दिला, आपण 'येथे' आणि 'इकडे' असा तो राखला. पण आपणही एक गोष्ट गमावली. जुन्या मराठीत 'जेउता, तेउता, केउता' हे दिशादर्शक शब्द कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत: तो केउता गेला, ती केउती गेली. आज 'कुणीकडे' हा पर्याय अर्थ पोचवितो, परंतु कोण गेले हे सांगण्याचे काम त्याला जमत नाही. तेव्हा ज्या ओवीत कर्ता उघड नाही, तेथे हे रूप नीट पाहिल्याखेरीज अन्वय लागत नाही.

'दाऊ'चा समानार्थी 'तू' आपल्याकडे जिवंतच आहे. प्रमाण भाषेतून लुप्त झाले ते त्याचे तृतीयेचे रूप. 'तुवां केलें', 'मियां केलें' याऐवजी प्रमाण मराठीत आपण 'तू केलेस', 'मी केले' म्हणतो, आणि कर्ता प्रथमेत दिसत असूनही क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे का चालते, हे मुलांना उमगत नाही. त्याचे उत्तर 'मियां'त आहे. खेड्यापाड्यांत 'म्या', 'त्वा' अजून ऐकू येतात; आणि इथे लिंबायतीत, जिथे धुळे-जळगाव-नंदुरबारहून लूमच्या कामाला आलेली आपली माणसे घरी अहिराणी आणि बाजारात गुजराती बोलतात, तिथे गुजराती शेजारी 'में कह्युं', 'तें कह्युं' म्हणतो तेव्हा हीच जुनी विभक्ती नित्य कानी पडते. येथील मुलाला 'तुवां' समजावताना व्याकरणाच्या पुस्तकाआधी मी गुजरातीचाच दाखला देतो.

ही जुनी रूपे प्रत्येक प्रतीत टिकलेली असतीलच असे नाही, म्हणून पाठभेदांविषयी थोडके लिहितो. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, म्हणजे मूळ ग्रंथानंतर जवळजवळ तीन शतकांनी; त्याआधी आणि नंतरही नकलकारांच्या हातून जुनी रूपे नवी होत गेली असणार. अशा वेळी यमक उपयोगी पडते. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा मोकळा असतो, त्यामुळे यमकस्थानचा शब्द सहजासहजी बदलत नाही. राजवाड्यांचे 1909 चे ज्ञानेश्वरीचे व्याकरण मिळाल्यास हाताशी ठेव.

तक्ता मी सध्या पाठवीत नाही. नवव्या अध्यायाच्या पहिल्या पन्नास ओव्यांतील प्रत्येक 'जरी', 'तरी' आणि 'कां' यांखाली रेघ ओढ, आणि तेथे आजचा कोणता शब्द बसतो हे समासात लिहून वही माझ्याकडे पाठव. दुरुस्त करून परत धाडीन.

तुझा
मामा