सतराचा पाढा आणि सावकाश फेऱ्या

गोंदिया जिल्ह्यात धान घरात आलं की सकाळी मैदानावर चांगलं धुकं असतं. त्या दिवसांत शाळेच्या धावण्याच्या संघाजवळ घड्याळ घेऊन उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. मी भाषेचा शिक्षक, मला खेळातलं काय कळणार! पण क्रीडाशिक्षकांना माणूस हवा होता.

संघात नववीतला एक मुलगा नवा होता. वर्गात तो कधी तोंड उघडत नसे. मराठीच्या तोंडी परीक्षेत मी त्याला अगदी कमी गुण दिले होते. घरी उर्दू, शाळेत मराठी, म्हणून अडखळतो, असा माझा हिशेब होता.

त्याला 1500 मीटर धावायचं होतं. आमच्या फक्कीने आखलेल्या 200 मीटरच्या मैदानावर त्या साडेसात फेऱ्या होतात. पहिल्या दिवशी त्याने पहिली फेरी 40 सेकंदांत मारली, दुसरी 55 मध्ये, आणि तिसरीत बरगडीखाली हात दाबून तो खाली बसला. सगळे बघत होते. उद्या हा येत नाही, असं मला वाटलं.

तो आला. क्रीडाशिक्षक त्याला म्हणाले, "आज सतराचा पाढा म्हणत पळायचं. मोठ्यानं. पाढा मधेच तुटला की वेग कमी करायचा."

मला ही गंमत वाटली होती. त्यांनी समजावलं. बोलता येतं तोवर शरीराला लागणारा प्राणवायू पुरतो आणि माणूस बराच वेळ पळू शकतो. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. नवी मुलं तिथंच फसतात.

बिचारा! ज्याला बोलायचंच नाही, त्याला हे औषध. पहिल्या फेरीत त्याचे फक्त ओठ हलले. मग मीच बाजूने पळायला लागलो. "सतरा त्रिक?" मी धापा टाकत विचारलं. "एक्कावन्न, सर." मला चौथ्या फेरीत थांबावं लागलं, तो जात राहिला. दर फेरीला साधारण 90 सेकंद, शेवटचीही तेवढीच. क्रीडाशिक्षक घड्याळात हेच बघत होते.

तिसऱ्या आठवड्यात त्याने कुणाला न विचारता फेऱ्या दुप्पट केल्या आणि नडगीचं हाड दुखायला लागलं. दम लवकर वाढतो, हाडांना वेळ लागतो. आठ दिवस पळणं बंद. त्या आठ दिवसांतही तो सकाळी येऊन फक्की मारायचा.

परत पळायला लागला तेव्हा पाढा सुटला होता. कुंपणावरचा कोतवाल पक्षी, अब्बूंची सायकल, कालचं गणित, असं काहीबाही तो शेजारच्या मुलाला सांगत पळायचा, चक्क मराठीत. माझ्याजवळून जाताना एकदा म्हणाला, "सर, जोरात पळताना काहीच दिसत नाही हो."

तोंडी परीक्षेची वही माझ्या कपाटात आहे. यावेळी त्याची परीक्षा मी मैदानावर घेणार आहे. मला मात्र आधी पाच फेऱ्यांचा दम आणावा लागेल.