चार क्रेडिट म्हणजे किती?

जर्मनीतल्या विद्यापीठाचं मास्टर्ससाठीचं प्रवेशपत्र आलं, त्यात दुसऱ्या पानावर एक परिच्छेद होता. प्रवेश दिला आहे, पण बॅचलर्सचे दोन विषय इथे येऊन पास करावे लागतील: ८ क्रेडिटचं ‘थिअरॉटिकल कम्प्युटर सायन्स’ आणि ६ क्रेडिटचं ‘लॉजिक’. जर्मनीत अशा अटींना ‘आउफलागेन’ म्हणतात. या विषयांचे क्रेडिट मास्टर्सच्या १२० मध्ये धरत नाहीत. म्हणजे १४ क्रेडिटचा अभ्यास वरून, आणि तोही पहिल्या दोन सेमिस्टरांत.

पूर्ण सेमिस्टर ३० क्रेडिटचं असतं. एक सेमिस्टर लांबलं तर काय, हे मी आधीच मोजलं होतं. व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायची रक्कम तेव्हा महिन्याला ९९२ युरो धरत होते. सहा महिन्यांचे ५,९५२. नोकरीतून साठवलेल्या पैशात तेवढी जागा नव्हती.

म्हणून आंतरराष्ट्रीय विभागाला मेल लिहायला बसले. माझ्या एका मित्राने त्याच्या विद्यापीठाला असाच मेल पाठवला होता: सीजीपीए उत्तम आहे, तीन वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम केलंय, कृपया सूट द्यावी. त्याला नम्र नकार आला. मला तो नकार बरोबर वाटतो. मार्कांवरून तुम्ही किती हुशार आहात ते कळेल, पण काय शिकलात ते कळत नाही. आणि ऑफिसात तीन वर्षं एपीआय लिहिताना ट्युरिंग मशीन कुणी विचारत नाही. मास्टर्सच्या १२० क्रेडिटमधलं काही कमी करा, असंही मी मागितलं नाही. ज्या डिग्रीवर प्रवेश मिळाला तिचेच विषय पुन्हा मास्टर्समध्ये सहसा मोजत नाहीत.

पहिली अडचण क्रेडिटची. आमचा ‘थिअरी ऑफ कम्प्युटेशन’ ४ क्रेडिटचा होता. पण आपल्याकडे क्रेडिट म्हणजे साधारण आठवड्याला एक तास वर्ग. युरोपात ते विद्यार्थ्याच्या एकूण कष्टाचं माप आहे: वर्ग, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं धरून एका क्रेडिटला २५ ते ३० तास. थेट तुलना केली तर आपलंच नुकसान. मग वर्षाचा हिशेब मांडला. आमच्या वर्षाचे क्रेडिट ४४, त्यांचे ६०. चारला ४४ ने भागून ६० ने गुणलं की ५.४५ येतात. आठला कमी पडतात.

पण त्यांच्या विषयात तीन भाग होते: फॉर्मल भाषा, संगणनक्षमता आणि कॉम्प्लेक्सिटी. पहिले दोन आमच्या ‘थिअरी’त होते, एनपी-कम्प्लीटनेस मात्र आम्हाला ‘अल्गोरिदम’मध्ये होता, तोही ४ क्रेडिटचा. दोन्ही जोडले की जवळपास ११. त्यांच्या एका विषयासमोर आमचे दोन ठेवले, असा तक्ता केला. प्रत्येक ओळीत त्यांचा मुद्दा, आमचं युनिट आणि सिलॅबसमधला पान नंबर. मेल सहा ओळींचा: मी कोण, अर्ज क्रमांक काय, नेमकं काय हवंय, आणि हे परीक्षा मंडळाकडे पाठवाल का. कारण निर्णय त्या विभागाच्या हातात नसतोच. तो परीक्षा मंडळ घेतं, तेही त्या विषयाच्या प्राध्यापकाला विचारून.

सिलॅबसवर कॉलेजचा शिक्का आईने आणला. मी पुण्यात, कॉलेज गावाकडे. “अगं, ते विचारतायत, पास होऊन इतकी वर्षं झाल्यावर सिलॅबस कशाला?” तिने फोनवर विचारलं. मी सांगितलं, सांग त्यांना, मुलीला तोच विषय पुन्हा शिकायला लावतायत. शिक्का मिळाला.

पाच आठवड्यांनी प्राध्यापकांचा एकच प्रश्न आला: विद्यार्थी स्वतः सिद्धता लिहितात का, की फक्त ऑटोमॅटा काढतात? सिलॅबसमध्ये ‘पम्पिंग लेमा’ असं दोन शब्दांत लिहिलेलं असतं. ते किती खोल शिकवलं हे त्यातून कसं कळणार? मी जुन्या प्रश्नपत्रिका पाठवल्या. अमुक भाषा रेग्युलर नाही हे सिद्ध करा, असा प्रश्न जवळपास दरवर्षी होता. तो ऑप्शनला टाकणारेही बरेच होते, पण ते प्रश्नपत्रिकेवर दिसत नाही.

‘थिअरॉटिकल’ची अट निघाली. ‘लॉजिक’ची राहिली. माझ्याकडे दाखवायला डिस्क्रीट मॅथ्सचं एक युनिट होतं: ट्रुथ टेबल आणि थोडं प्रेडिकेट लॉजिक. त्यांच्या विषयात रेझोल्यूशन, सिद्धतापद्धती, त्यांची पूर्णता हे सगळं. तिथे फरक तासांचा नाही, मजकुराचा आहे, आणि तो कुठल्याही शिक्क्याने भरत नाही. मी तरी विचारून घेतलं, कारण विचारायला पैसे पडत नव्हते.

आता दर मंगळवारी सकाळी आठला लॉजिकचा वर्ग असतो. भोवती सगळी पहिल्या वर्षाची मुलं. गेल्या आठवड्यात रेझोल्यूशन सुरू झालं. ते खरंच आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.