आकडा किती वाजताचा?

गेल्या एकादशीला पंचवटीत आमच्या घराजवळ मोफत आरोग्य शिबिर होतं. बोट टोचून शुगर बघत होते. बाबांची आली 172, आईची 131. बाबांच्या चिठ्ठीवर लाल पेनाने ‘डॉक्टरांना दाखवा’, आईच्या चिठ्ठीवर ‘नॉर्मल’. घरी येईपर्यंत बाबांचा चेहरा उतरला होता, आणि आई त्यांना गोड बंद करण्याबद्दल ऐकवत होती.

मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणारा माणूस. वेळ लिहिलेली नसेल तर नोंद निरुपयोगी, हे मला ऑफिसात कळतं. घरात कळायला संध्याकाळ झाली.

शिबिरात होते ती रँडम शुगर, म्हणजे खाल्लेलं असो वा नसो, त्या क्षणाची. खाल्ल्यावर तासाभरात साखर चढतेच. बाबा साबुदाण्याची खिचडी आणि चहा घेऊन तासाभराने रांगेत उभे राहिले होते. त्या वेळी 172 जास्त असलं, तरी त्यावरून मधुमेह ठरत नाही. रँडम 200 च्या पुढे आणि सोबत खूप तहान, वारंवार लघवी अशी लक्षणं असतील, तर गोष्ट वेगळी.

“आई, तू काय खाल्लं होतंस?”

“काही नाही रे. दर्शन झाल्याशिवाय मी चहा तरी घेते का?”

म्हणजे आईचे 131 हे उपाशीपोटीचे होते. उपाशीपोटी 100 च्या खाली नॉर्मल आणि 126 पासून मधुमेहाची हद्द. शिबिरातल्या ताईंनी तो आकडा रँडमच्या पट्टीवर मोजला होता.

बोटाच्या मशीनमध्ये 15 टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, म्हणून दोघांना लॅबमध्ये नेलं. रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास फक्त पाणी, मग हाताच्या शिरेतून रक्त. बाबांची फास्टिंग 94, जेवणानंतर दोन तासांची 132. दोन्ही ठीक. आईची फास्टिंग 118, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 6.1.

“काकू, तुम्ही बॉर्डरवर आहात,” डॉक्टर म्हणाले. फास्टिंग 100 ते 125 किंवा एचबीएवनसी 5.7 ते 6.4, म्हणजे प्रीडायबेटिस. (जागतिक आरोग्य संघटना फास्टिंगची ही रेषा 110 पासून धरते. आई दोन्हीकडे आतच.) हा मधुमेह नाही, पण ‘काही नाही’ असंही नाही. इथून काही जण पुढे जातात, काही मागे फिरतात. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या 2006 मध्ये छापलेल्या अभ्यासात, आहार आणि चालणं सांभाळणाऱ्या अशा लोकांमध्ये तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी कमी झालं होतं. गोळ्या न घेता.

आई आता रोज संध्याकाळी गोदाघाटापर्यंत चालत जाते, आणि भात एकाच वेळी खाते. वर्षाच्या आत पुन्हा तपासायचंय.

शिबिराची ती चिठ्ठी अजून फ्रीजवर आहे. ‘नॉर्मल’च्या शेजारी मी पेनाने लिहिलंय: सकाळी 11:20, उपाशीपोटी.