राजाची खिडकी

केशोरी गावात मी पहिल्यांदा पट मांडला तो आजोबांच्या पिढीच्या देशी नियमांनी. त्यात प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर सरकायचं आणि किल्लेकोट नव्हता. राजाला त्याऐवजी एक सवलत होती. एकदाही शह बसलेला नसेल, तर डावात एकदा त्याला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची. आपल्याच प्याद्यांच्या मागे तो अडकला, तरी ही उडी त्याला बाहेर काढू शकायची. पुढे शाळेत आंतरराष्ट्रीय नियम शिकलो. किल्लेकोट मिळाला, राजा एकाच खेळीत कोपऱ्याकडे सुखरूप बसू लागला, पण उडी गेली. शेवटच्या पट्टीवरची मात काय असते, ते मला त्यानंतर कळलं.

कळलं ते एका तालुका स्पर्धेत. माझ्याकडे एक प्यादं जास्त होतं. राजा जी१ वर, त्याच्यासमोर एफ२, जी२, एच२ ही तिन्ही प्यादी जागच्या जागी, एक हत्ती ए१ वर. समोरच्याचं ए७ वरचं प्यादं मोकळं दिसलं, म्हणून हत्तीने ते उचललं. त्याने आपला हत्ती ई८ वरून थेट ई१ वर आणून ठेवला आणि हात पुढे केला. एफ१ आणि एच१ या दोन्ही घरांवर त्या हत्तीचा मारा, आणि पुढच्या तीन घरांत माझीच प्यादी. दुसऱ्या प्याद्याच्या नादात मी डाव घालवला. घरी परतल्यावर शेजारच्या काकांना सांगितलं. त्यांचं बुद्धिबळाशी काही घेणं-देणं नाही, धान हेच त्यांचं जग. ते म्हणाले, "बाबू, धुऱ्याले पानी निंगाची वाट पाऊस याच्या आंधीच फोडतेत ना."

आज गावातली पोरं संध्याकाळी माझ्याकडे खेळायला येतात. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून पालकही चौकशी करतात. त्यांना मी सुरुवातीच्या चाली फारशा शिकवत नाही. एकच डाव पुन्हा पुन्हा लावतो. मॉस्कोत १९१४ साली ओसिप बर्नस्टाईन या वकिलाने पांढऱ्या मोहऱ्यांनी कापाब्लांकाविरुद्ध खेळलेला.

काळ्याचं एक प्यादं सी३ पर्यंत पुढे आलं होतं. बर्नस्टाईनला वाटलं, हे आता पडणारच. २७व्या खेळीत त्याने घोड्याने ते खाल्लं. त्या घरावर घोडे आणि हत्ती यांची मारामारी झाली आणि पटावर उरलं ते असं: पांढऱ्याचा राजा जी१ वर, वजीर ई२ वर, हत्ती सी३ वर. काळ्याचा राजा जी८ वर, वजीर बी६ वर, हत्ती डी८ वर. हिशेबाने पांढरा एका प्याद्याने पुढे. दोघांच्याही राजांपुढची तीन-तीन प्यादी हललेली नाहीत.

इथे मी पोरांना थांबवतो. बहुतेक जण ताबडतोब वजिराने बी१ वर शह द्यायला निघतात. पांढरा वजीर एफ१ वर आडवा येतो. मग त्याला दाबायला म्हणून पोरगं हत्ती डी१ वर नेतं, आणि स्वतःच मरतं. हत्तीने डी८ सोडलं की पांढरा हत्ती सी८ वर शह देतो. काळ्याला हत्ती डी८ वर परत आणून आडवा घालावा लागतो, तो खाल्ला की मात. राजाला निसटायची खिडकी काळ्यालाही नव्हती. अशा स्थितीत दोन्ही घरांना एकाच वेळी आग लागलेली असते, आणि आपण फक्त समोरच्याचं छप्पर बघत असतो.

कापाब्लांकाने २९व्या खेळीत वजीर बी२ वर ठेवला. पांढऱ्याच्या वजिराच्या तोंडाशी, फुकट. पण खायचा कसा? पांढरा वजीर ई२ वरून डी१ या घराची राखण करतो आहे. त्याने बी२ वरचा वजीर खाल्ला, की हत्ती डी१ वर येऊन मात. न खावा, तर काळा वजीर ई२ चा वजीर आणि सी३ चा हत्ती दोघांनाही एकदम मारतो आहे. वजीर ई१ वर मागे घेतला, तर काळा वजीर सी३ वरचा हत्तीच खातो, कारण तो परत खाल्ला की पुन्हा डी१ उघडं पडतं. हत्ती सी२ वर नेला, तर बी१ वर शह, मधे वजीर एफ१, आणि सी२ चा हत्ती गेला. बर्नस्टाईनने तिथेच डाव सोडला. त्याचं एच२ चं प्यादं एच३ वर असतं, तर राजाला एच२ मिळालं असतं आणि बी२ वरची ती खेळी नुसतं वजीरदान ठरली असती.

म्हणून माझे प्रश्न दोनच. पहिला: सगळे राखणदार उचलून बाजूला ठेवले, तर माझ्या शेवटच्या पट्टीवरचा एक शह मात ठरतो का? उत्तर हो असेल, तर दुसरा: आज राखण कोण करतंय, आणि त्याच्या गळ्यात आणखी कुठलं काम आहे का? मात होणार का, याची खरी बातमी या दुसऱ्या प्रश्नात असते. ई१ वरचा वजीर डी१ राखतो आणि सी३ च्या हत्तीलाही आधार देतो, अशा दोन नोकऱ्या असलेल्या मोहऱ्याला शत्रू एका नोकरीवरून ओढतो. पट्टीवर नुसता हत्ती उभा आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

खिडकी कोणती, हेही बघावं लागतं. जर्मन भाषेतला 'लुफ्ट', म्हणजे हवा, हा शब्द खेळाडू त्यासाठी वापरतात. साधारणपणे एच३ बरं, कारण राजासमोरची भिंत फारशी ढासळत नाही. पण एच२ हे काळं घर. समोरच्याचा काळ्या घरांवरचा उंट डी६ वर बसलेला असेल आणि मधला तिरका रस्ता मोकळा असेल, तर ती खिडकी भिंतीवर रंगवलेली आहे. मी स्वतः अशा रंगवलेल्या खिडकीकडे राजा घेऊन निघालो आहे. तेव्हा जी३ करावं, राजाला जी२ हे पांढरं घर मिळतं. मात्र एफ३ आणि एच३ ही घरं कमजोर होतात, आणि समोरच्याचा पांढऱ्या घरांवरचा उंट किंवा वजीर जवळपास असेल तर तिथे घुसतो. एफ३ मला सर्वांत नकोसं वाटतं, ई३ चं घर पोकळ पडतं आणि जी१ कडे येणारी तिरकी रेघ उघडी होते.

वेळेचं मात्र पुस्तकी उत्तर नाही. दहाव्या खेळीला कारण नसताना एच३ करणारी पोरं एक खेळी वाया घालवतात, वर त्याच प्याद्यावर उंटाचा बळी देऊन समोरचा राजाचं कुंपणच फोडू शकतो. मी मधली एखादी रांग मोकळी होऊन हत्ती-वजीर समोरासमोर यायला लागले, की एक खेळी बाजूला काढतो. शक्य असेल तर दुसरं एखादं काम करतानाच, म्हणजे जी४ वर येणाऱ्या उंटाला हाकलायला एच३. आणि वजीर पटावरून गेले असतील, तर सहसा खिडकीची भानगड करू नये. राजाला सरळ एफ१ मार्गे मध्याकडे चालवावं, शेवटच्या टप्प्यात त्याची तिथेच गरज असते.

तुमच्या शेवटच्या पाच हरलेल्या डावांच्या नोंदी काढा. प्रत्येकात, तुम्ही एखादं फुकटचं प्यादं खाल्लंत त्या खेळीवर बोट ठेवा, आणि तेव्हा तुमचं एच२ चं प्यादं कुठे होतं ते बघा.