मोजे जुळवावेत ते पँटशी

चिंचवडच्या दुकानातून दरपत्रक घेऊन चाकणच्या कारखान्यात जाणारा तरुण व्यापारी शर्ट-पँट काळजीपूर्वक निवडतो. मोजे मात्र हाताला लागतील ते चढवतो. खरेदी अधिकाऱ्यासमोर खुर्चीत बसताच पँट चार बोटे वर सरकते आणि आखूड मोज्यावरची उघडी पोटरी दिसू लागते.

म्हणून औपचारिक वेशात मोजा निदान पोटरीच्या मध्यापर्यंत यावा. घरीच खुर्चीत बसून पायावर पाय टाकून पाहावा. त्वचा दिसली, तर मोजा आखूड आहे किंवा त्याचे इलॅस्टिक सैल झाले आहे.

रंग बुटाशी नव्हे, पँटशी जुळवावा. करड्या पँटखाली तपकिरी बूट असले, तरी मोजे करडेच, किंचित गडद घ्यावेत. म्हणजे पँटची रेषा बुटापर्यंत अखंड राहते. गडद निळा व काळा रंग दिव्याखाली सारखेच भासतात. त्यांची निवड खिडकीच्या उजेडात करावी.

सुटीच्या दिवशी जीन्स आणि कॅनव्हासच्या बुटांवर घोट्यापर्यंतचे मोजे चालतात. पांढरे मोजे खेळाच्या बुटांपुरतेच ठेवावेत. कारखान्यात सुरक्षा बूट घालायचे असल्यास मोजा बुटाच्या काठाहून उंच हवा, अन्यथा तो काठ घोट्याला घासतो.

परतताना एखाद्या पेढीवर गादीवर बसायचे झाले, की बूट बाहेरच राहतात. तेव्हा मोज्याशेजारी उरते ती पँटच. आणि टाचेचे भोक असेल, तर तेही.